बरणी फुटली की गळली?

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या मागच्या खोलीतून आंब्याचं लोणचं, लसणाची चटणी आणि भडंग असा माल बाहेर जातो. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून येतात. भडंगाच्या तक्रारी कधी फार नव्हत्या. लोणच्याच्या मात्र ठरलेल्या असायच्या. "ताई, बरणी फुटली" असा मेसेज आणि खाली तेलाने माखलेल्या खोक्याचा फोटो. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी नवी बरणी पाठवून मोकळी व्हायचे. मग कुरिअर बदललं. दुसऱ्या कंपनीकडूनही त्याच चालीने तक्रारी यायला लागल्या, तेव्हा वाटलं, की माल वाटेत कोण हाताळतंय याच्या आधी आपल्या घरातून तो कसा निघतोय ते बघावं.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे तक्रार आली की "सॉरी ताई, दुसरी पाठवते" म्हणायच्या आधी चार फोटो मागायचे. बंद खोक्याचे सगळ्या बाजूंनी, पत्त्याच्या लेबलचा, खोका उघडल्यावर आतलं काही न हलवता वरून एक, आणि बरणीच्या झाकणाचा अगदी जवळून एक. लोक चिडलेले असतात, पण "भरपाई देतेच आहे, फक्त पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून हवेत" असं सांगितलं की देतात.

ते फोटो शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. निम्म्याहून जास्त खोक्यांत काच शाबूत होती. फुटलेलं काहीच नव्हतं. तेल गळलं होतं, खोक्याचा तळ भिजला होता आणि भिजलेला पुठ्ठा पुढच्या हबवर, म्हणजे कुरिअरवाले पार्सलं वेगळी करतात त्या ठिकाणी, पोचेपर्यंत फाटला होता. ग्राहकाच्या लेखी तेल लागलेला खोका म्हणजे फुटलेली बरणी, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण आपल्याला उपाय करायचा तर गळणं आणि फुटणं हे दोन वेगळे आजार आहेत. बबल रॅपचे चार वेढे जास्त दिले तरी गळणारी बरणी गळतेच, फक्त बबलच्या आत गळते.

खरोखर फुटलेल्या बरण्यांचे फोटोही बोलके होते. खोक्याचा कोपरा चेपलेला आणि त्याच बाजूची काच गेलेली असेल, तर खोका पडलाय. खोका बाहेरून ठीक आहे पण दोन बरण्या पोटाशी, एकमेकींना टेकतात तिथेच तडकल्यात, तर त्या आतल्या आत आपटल्यात. हे पॅकिंगचं काम, कुरिअरचं नव्हे. आणि बरणीचा तळ गोल निखळून आला असेल तर खाली गादीच नव्हती, खोका सपाट खाली ठेवतानाचा दणका थेट काचेला बसला.

आधी गळण्याचं सांगते, कारण ते मला जास्त छळत होतं.

आमच्या बरण्यांना पत्र्याचं झाकण आहे, पाव फेरा फिरवलं की बसणारं. आतून त्याला कडेने एक मऊ गोल थर असतो, तो काचेच्या काठावर दबून बसतो. महाबळेश्वर-पाचगणीकडून जे जॅम येतात त्यांनाही हेच झाकण असतं आणि जॅमची बरणी प्रवासात कधी गळलेली मी पाहिली नव्हती. मग लोणच्याचीच का? कुपवाड एमआयडीसीत आम्ही ज्यांच्याकडून खोके घेतो त्यांच्याकडे एका फळप्रक्रियावाल्याची ओळख झाली, त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं. "वहिनी, जॅम आम्ही गरम भरतो, तुमचं लोणचं गार."

जॅम गरमागरम भरून झाकण लावलं की आतली वाफ गार होताना आकसते आणि आत पोकळी तयार होते. बाहेरची हवा झाकणाला सतत खाली दाबून धरते. शिवाय गरम असताना तो मऊ थरही नरम होऊन काठावर नीट बसतो. जॅमचं झाकण पहिल्यांदा उघडताना टक्‌ असा आवाज येतो तो यामुळेच. लोणचं आपण गार भरतो. आत पोकळी नाही, झाकण धरून ठेवायला फक्त आपल्या मनगटाने दिलेला पीळ. ट्रकमध्ये तीन-चार दिवस थरथरत गेल्यावर तो पीळ सैल होतो. त्यात बरणी आडवी पडलेली असेल, आणि ती पडणारच, तर तेलाला वाट मिळते.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. तेल तापलं की फुगतं. 20 अंशांनी तापमान वाढलं तर तेलाचं आकारमान साधारण दीड टक्का वाढतं. पहाटे गारव्यात काठोकाठ भरलेली 400 मिलीची बरणी एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या टेम्पोत तापली, की आतल्या तेलाला जागाच उरत नाही आणि चमचाभर तेल झाकणाखालून बाहेर येतं. चमचाभर तेल कमी वाटतं, पण खोक्याचा तळ भिजवायला तेवढं पुष्कळ होतं. म्हणून आता गळ्याखाली सव्वा ते दीड सेंटिमीटर जागा रिकामी सोडते. सासूबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं, "अपुरी भरलेली बरणी लोकांना कशी द्यायची?" वजन लेबलवर लिहिलेलं आहे आणि काट्यावर तेवढंच भरतं, हे दाखवल्यावर त्या गप्प बसल्या, पटलं असं अजून म्हणत नाहीत.

आणि नवीन घातलेलं लोणचं. कैऱ्या घालून आठवडाही झाला नसेल तर त्याला पाणी सुटत असतं, कधी थोडा वायूही धरतो. असं लोणचं बंद बरणीत घालून पाठवणं म्हणजे आतून झाकण ढकलायला माणूस बसवल्यासारखं आहे. सीझनच्या सुरुवातीला ग्राहक कितीही मागे लागले तरी मुरल्याशिवाय पाठवत नाही.

झाकण बसलंय की नाही हे घरी ओळखायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे लावलेलं झाकण दुसऱ्या दिवशी उघडून आतला मऊ थर उजेडात धरून बघायचा. त्यावर बरणीच्या काठाचा गोल वळ उठलेला असतो. तो चारी बाजूंनी सारखा हवा. एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला पुसट असेल तर झाकण तिरकं बसलंय किंवा बरणीचा काठच सरळ नाही. स्वस्त बरण्यांच्या लॉटमध्ये असे काठ निघतात. बोट फिरवलं की खडबडीत लागतं. एकदा वळ उठलेलं झाकण मी पुन्हा वापरत नाही.

दुसरी रीत म्हणजे उलटी बरणी. नव्या लॉटमधल्या काही बरण्यांत तेलात हळद कालवून भरते, झाकण लावते आणि वर्तमानपत्रावर उलट्या ठेवून देते. साधं पाणी भरून बघू नका. पाणी जिथे अडतं तिथूनही तेल झिरपतं. सकाळी कागदावर पिवळी गोल कड उमटली असेल तर तो लॉट प्रवासाला जात नाही, घरच्या वापराला किंवा ओळखीच्यांना हातोहात द्यायला ठेवते. हळद यासाठी, की नुसत्या तेलाचा डाग छापील कागदावर चटकन दिसत नाही.

लोणचं भरून झाल्यावर काठ पुसण्याचं कापडही महत्त्वाचं. दहा-बारा बरण्या पुसून झाल्या की ते कापड स्वतःच तेलकट होतं आणि मग आपण तेल पुसत नाही, पसरवत असतो. तेलकट काठावर झाकण घसरतं आणि हाताला मात्र घट्ट लागल्यासारखं वाटतं. आता शेवटचा हात कोऱ्या टिश्यूने फिरवते, बरणीगणिक नवा.

झाकणावर प्लॅस्टिकची आकसणारी पट्टी हेअर ड्रायरने बसवली की बरणी सीलबंद दिसते. ती पट्टी झाकण फिरू देत नाही, मधे कुणी उघडलं तर कळतं, एवढा तिचा उपयोग. तेल ती अडवत नाही. म्हणून प्रत्येक बरणी स्वतंत्र जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालते, तोंडाशी पीळ देऊन टेपने बंद करते, आणि पिशवीत झाकणाच्या बाजूला टिश्यूची एक घडी ठेवते. सगळी काळजी घेऊनही एखादी बरणी गळलीच तर तेल त्या पिशवीत राहतं. खोका कोरडा राहतो, शेजारच्या बरण्यांची लेबलं वाचतात, आणि वाटेत कुरिअरवाले "लीकेज" म्हणून पार्सल बाजूला काढत नाहीत. हे बाजूला काढणं वाईट. पार्सल हबवरच पडून राहतं, स्टेटस हलत नाही आणि ग्राहक आपल्याला विचारत राहतो.

आता फुटण्याकडे.

हबवर पार्सल कसं हाताळतात हे पिकअपच्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, लहान पार्सलं पोत्यात जातात. पोतं भरलं की बांधून गाडीत. तुमच्या खोक्यावर काय पडलं ते कुणाला माहीत?" त्यामुळे "फ्रॅजाइल" आणि वर बाण दाखवणारी स्टिकरं मी लावते, पण पॅकिंग करताना ती नाहीतच असं धरते. खोका सहाही बाजूंनी पडू शकतो, आणि कुठल्याही बाजूवर प्रवास करू शकतो.

पॅकिंग तपासायला कारखान्यांत एक ठरलेली चाचणी असते, इस्टा 1ए. साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं: आधी एक कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. 76 सेंटिमीटर म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाची उंची, त्यामुळे यंत्र नसलं तरी घरच्या फरशीवर जमतं. चाचणी म्हणून त्याला प्रमाणपत्राचं मोल नाही, पण दोन प्रकारच्या पॅकिंगमधलं डावं-उजवं कळायला पुरते. शेजारच्या काकू आवाजाने विचारायला आल्या होत्या.

या पाडापाडीत जे टिकलं ते असं. 5 प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका. 3 प्लायचा कोपऱ्यावर पडला की चेपतो आणि काचेचं वजन त्याला झेपत नाही. तळाला कोरूगेटेड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, त्यांच्या नागमोडी रेघा एकमेकींना आडव्या येतील असे. प्रत्येक बरणीला बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला, तळावर आणि झाकणावर दुमडून घेतलेला; नुसता पोटाला गुंडाळला तर तळ उघडा राहतो. बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे उभे कप्पे, काच काचेला कधीच लागू नये म्हणून. खोक्याच्या भिंतीपासून सगळीकडे तीन-चार सेंटिमीटर जागा आणि ती चुरगळलेल्या क्राफ्ट कागदाने ठासून भरलेली. द्राक्षाच्या पेट्यांत घालतात तो कागदाचा कीस तासगावकडे सहज मिळतो आणि दिसतोही छान, पण जड बरणी त्यात हळूहळू तळाशी जाऊन बसते. तो वरून शोभेला ठीक, गादी म्हणून नको.

खोका बंद करून टेप लावायच्या आधी दोन्ही हातांत धरून कानाशी हलवायचा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडून भरायचं. टेप मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक. नुसत्या मधल्या टेपवर खोका पोत्यात दाबला गेला की टोकं उघडतात.

इथे बऱ्याच जणी विचारतात, की एवढा मोठा खोका केला तर कुरिअर महाग नाही का पडत? हा हिशोब एकदा नीट मांडला आणि माझं पॅकिंगच बदललं. कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं, दुसरं आकाराचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि आमच्या करारात तरी 5000 ने भागायचं, येतील ते किलो. दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे, अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी.

समजा नागपूरला तीन बरण्यांची ऑर्डर आहे. बरणीत लोणचं 400 ग्रॅम, रिकामी बरणी झाकणासकट साधारण 220 ग्रॅम, म्हणजे एक 620. तीन मिळून 1,860. खोका, कप्पे, बबल, कागद मिळून अंदाजे 300 ग्रॅम. एकूण 2,160 ग्रॅम, म्हणजे अडीच किलोचा टप्पा लागणारच. आता खोका 28 बाय 11 बाय 14 असा अंगाबरोबर घेतला तर आकाराचं वजन 0.86 किलो येतं. 33 बाय 17 बाय 20 असा ऐसपैस घेतला तर 2.24 किलो. दोन्हीकडे पैसे अडीच किलोचेच! लहान खोक्यात मी जी जागा वाचवत होते त्याचा एक रुपयाही वाचत नव्हता. अडीच किलोच्या टप्प्यात 12,500 घन सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते, ती कागदाने भरून काचेच्या भोवती गादी करायला वापरावी.

भडंगाला हाच हिशोब उलटा लागतो. अर्धा किलो भडंग 25 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात घातला तर आकाराचं वजन दीड किलो. तिथे खोका जेवढा लहान तेवढा चांगला. एकच पॅकिंग दोन्हींना लावायला गेलं की एकीकडे माल फुटतो आणि दुसरीकडे पैसे जातात.

हे माप लिहून ठेवलेलं बरं. कुरिअरच्या यंत्रावर पुन्हा माप होतं आणि कधी कधी जास्त वजन लावून पैसे कापले जातात. प्रत्येक ठरलेल्या खोक्याचा टेप लावलेला आणि काट्यावर ठेवलेला, आकडा दिसेल असा फोटो माझ्याकडे तयार असतो. तो जोडून वाद घातला की बहुतेक वेळा रक्कम परत येते.

मग काच सोडूनच द्यावी का? अर्धी सोडली आहे. पेट नावाच्या प्लॅस्टिकची फूड ग्रेड बरणी 35 ग्रॅमच्या आत बसते. त्याच तीन बरण्या पेटमध्ये 1,305 ग्रॅम, त्यात 3 प्लायचा खोका आणि थोडा कागद धरून 1,480 च्या आसपास. म्हणजे अडीच किलोचा टप्पा दीडवर येतो, टेप भरमसाट गुंडाळली नाही तर. पेटला आतून फॉइलचं सील मारता येतं, हातात धरायच्या इंडक्शन मशीनने. हे मशीन पत्र्याच्या झाकणावर चालत नाही, कारण फॉइलच्या आधी पत्राच तापतो. प्लॅस्टिकचंच झाकण लागतं. फॉइलही पेटसाठीची वेगळी मागून घ्यावी लागते. काठाला तेल असेल तर ती चिकटत नाही, म्हणजे टिश्यूचं काम इथेही सुटत नाही. सील झालंय का ते बघायला बरणी बादलीतल्या पाण्यात बुडवून दाबायची. बुडबुडे आले तर गेलं. आणि लोणचं पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. साधारण 70 अंशांच्या पुढे पेट मऊ पडायला लागतं, गरम फोडणी ओतली तर बरणी कमरेतून वाकते.

लांबच्या ऑर्डरी आता पेटमध्ये जातात. काचेतलंच हवं म्हणणारे आहेत, मलाही लोणचं काचेतच बरं दिसतं, पण त्यांना वजनाचा फरक सांगते आणि तो ते देतात. पुण्यातल्या दुकानाला जेव्हा मोठी ऑर्डर जाते तेव्हा काचेच्या बरण्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवते. हबच नाही, एकदा चढवलं की एकदाच उतरतं. पलीकडे घ्यायला माणूस मात्र हवा.

गळणं-फुटणं आवाक्यात आल्यावर कुरिअरची तुलना करायला अर्थ आला. त्याच्या आधी सगळ्यांच्या नावावर सारखाच दोष पडत होता. एका शीटमध्ये प्रत्येक पार्सलचा पिनकोड, कंपनी, पिकअपची तारीख, पोचवण्याचा पहिला प्रयत्न कधी झाला, हातात कधी मिळालं आणि तक्रार काय, एवढंच लिहिते. पहिल्या प्रयत्नाची तारीख मुद्दाम. ग्राहक गावाला गेला म्हणून पार्सल उशिरा मिळालं तर तो कंपनीचा दोष नाही, पण पार्सल जवळच्या ऑफिसात येऊन तीन दिवस बाहेरच पडलं नाही तर आहे.

पिनकोडचे पहिले तीन आकडे धरून गट केले की लांबच्या ठिकाणांचं चांगलं कळतं: 400 मुंबई, 411 पुणे, 440 नागपूर, 560 बंगळूर. आपल्या भागात मात्र ते फसवं आहे. 416 मध्ये आमची सांगली आणि कोल्हापूर आहे तसंच घाटाखालचं कुडाळ-सावंतवाडीही. 415 मध्ये साताऱ्याबरोबर रत्नागिरी येते, आणि आमच्याच जिल्ह्यातलं विटा आणि आता ईश्वरपूर म्हणतात ते इस्लामपूरही. म्हणून इथले पिनकोड पूर्ण सहा आकड्यांनी वेगळे ठेवते.

शीट भरत गेली तसं लक्षात आलं, की सगळीकडे चांगली अशी एकही कंपनी नाही. मुंबईत सगळ्यात वेगाने पोचवणारी कंपनी कोकणातल्या गावांत "पत्ता सापडला नाही" लिहून मोकळी होते. म्हणून मुंबई-पुणे-बंगळूरला दोन खासगी कंपन्या आलटून-पालटून, आणि तालुक्याच्या गावापलीकडे स्पीड पोस्ट. पोस्टमनला घर माहीत असतं, हा मोठा फायदा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्येच मिळवलंय. काउंटरवर आत काय आहे ते विचारतात, तिथे सरळ सांगते आणि तेलासाठी आतली पिशवी केल्याचंही सांगते. कुठल्याही कंपनीकडे हवाई सेवा मात्र लोणच्याला घेत नाही. तेलकट माल तपासणीत अडकू शकतो, आणि उंचीवर विमानाच्या डिकीतला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. बरणीत कोंडलेली हवा फुगून तेलाला बाहेर ढकलते. जमिनीवरून जाणारी सेवा दोन दिवस जास्त घेते, लोणच्याला दोन दिवसांनी काय होणार?

"कुणी आलंच नाही" ही तक्रार सगळ्यात चिवट. पोचवणाऱ्याने ग्राहक घरी नव्हता असं टाकलं, की ती नोंद आमच्या पॅनेलवर येते. त्याच दिवशी ग्राहकाला फोन करून वेळ आणि खूण विचारून तिथे उत्तर टाकलं तर दुसऱ्या दिवशी पार्सल निघतं. उत्तर टाकलं नाही तर ठरावीक प्रयत्न संपतात आणि माल परतीला लागतो. परतीचे पैसे वेगळे, आणि दुहेरी प्रवास झालेली काचेची बरणी पुन्हा विकण्यासारखी राहत नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच दुसरा फोन नंबर आणि जवळची खूण मागते, आणि घरपोच पैसे देण्याची सोय लोणच्याला बंद केली. त्याने काही ऑर्डरी गेल्या. परत येणारी पार्सलं त्याहून जास्त गेली.

भरपाईच्या भरवशावर मात्र पॅकिंग हलकं करू नये. आमच्या करारात काच आणि द्रव पदार्थ भरपाईतून वगळले आहेत असं बारीक अक्षरात आहे. अशी ओळ तुमच्याकडे आहे का ते पहिल्या पार्सलच्या आधी वाचा. पार्सल हरवलं तर पैसे मिळतात, तेही बिल जोडलं आणि मुदतीत अर्ज केला तर.

पिकअप सोमवार ते बुधवार ठेवते. शुक्रवार-शनिवारी निघालेला माल रविवारी कुठल्यातरी हबवर बाकीच्या पार्सलांखाली दबून राहतो. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा खोक्याला बाहेरून प्लॅस्टिकची कुरिअर पिशवी चढवते आणि कोरे खोके जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवते. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद राहिला होता, तसं झालं की गाड्या कुठे अडकतील सांगता येत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की बुकिंग थांबवते, आणि ज्यांच्या ऑर्डरी घेतल्यात त्यांना लगेच कळवते की पाणी उतरल्यावर पाठवेन.